मावशीचा उलटलेला ताप

लोणावळ्याला रेल्वेमार्गाच्या कामावरच्या मजुरांसाठी पत्र्याचा एक दवाखाना होता आणि त्याचा डॉक्टर मी होतो. वय लहान, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि पुण्याहून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाचा गर्व त्याहून मोठा. पहिलं महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती.

त्या पावसाळ्यात मजुरांच्या वस्तीत ताप शिरला. ओल इतकी की एका घोंगडीखाली चौघं झोपत, आणि घोंगडीत उवा. त्या नखावर चिरडल्या की आतले जंतू खरचटलेल्या बोटांतून अंगात शिरत. काचपट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला की ते मळसूत्रासारखे जंतू वळवळताना दिसायचे.

मळवलीकडच्या एका वाडीतून आलेली, सगळे जिला मावशी म्हणत ती बाई आणि तिचा दीर एकाच आठवड्यात आजारी पडले. मावशी पन्नाशीची, माती वाहणारी, बोलायला फटकळ. सहाव्या दिवशी तिला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. मी तिच्या रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, काढून दिराच्या रक्ताच्या थेंबात मिसळलं. काही वेळातच त्याचे जंतू एकमेकांना चिकटून गोळा झाले आणि थांबले. मी एकटाच हसत बसलो. उरलेलं सीरम काचेच्या नळीत बंद करून गार पाण्याच्या माठात ठेवलं.

हा ताप उलटतो, उतरून पुन्हा येतो, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. पण तिच्या सीरमने जंतू थांबलेले मी डोळ्यांनी पाहिले होते ना! देवी येऊन गेलेल्या माणसाला देवीच्या रोग्याजवळ बसवायची आपली जुनी रीत. तीच मी इथे लावली.

"मावशी, हा ताप आता तुम्हाला शिवायचा नाही. रोग्यांपाशी बसाल?"

"बशीन की. पन नक्की न्हवं?"

"नक्की."

ती सहा दिवस बसली. पाणी पाजलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, कण्हणाऱ्यांना दोन शिव्या देऊन पेज प्यायला लावली. सातव्या दिवशी सकाळी ती रोग्यांच्याच रांगेत आडवी झालेली होती.

"डाक्टर, तुमी तर म्हनलात परत येनार न्हाई."

मी चिडलो. तिच्यावर नव्हे, पण आवाज तिच्यावरच चढला. हा हिवताप असेल, म्हणालो. काचपट्टी पाहिली तर तेच जंतू. माठातली नळी काढली, तिचंच सीरम तिच्याच रक्तात घातलं. ते मजेत पोहत राहिले. सीरम शिळं झालं असेल म्हणून त्याच दिवशी तापाने आलेल्या एका गड्याच्या रक्तात घालून पाहिलं. तिथे मात्र जंतू गोळा होऊन थांबले.

तेव्हा उमगलं. सीरम चांगलं होतं, जंतूच बदलला होता. पहिल्या रूपातले सगळे तिच्या शरीराने ओळखून मारले होते, पण अंगावरचं आवरण बदललेले थोडे तेवढ्यात निसटले. नजरेला न दिसण्याइतके थोडे. शरीराला त्यांची ओळख नव्हती, म्हणून ते आठवडाभर बिनबोभाट वाढले. आणि त्याच आठवड्यात मी तिला कामाला जुंपलं होतं. तिचं हृदय अशक्त झालं होतं, नाडी बोटाखाली सापडेना. या तापावर पुण्याहून मागवलेलं टोचायचं औषध अजून आलं नव्हतं. मला मनापासून भीती वाटली, आणि लाजही.

जवळ बसून मी तिला सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा.

"म्हंजी बहुरूपी," ती डोळे मिटूनच म्हणाली. "काल शिपाई, आज गोसावी. मानूस त्योच."

"हो. आणि तुमचं अंग शिपायालाच ओळखतं."

"मंग गोसाव्याला बी वळखंल. जरा दम धरा."

चौथ्या दिवशी पुन्हा घाम फुटला. नवं सीरम काढून, ताप असताना घेतलेल्या तिच्याच रक्तात मिसळलं. या वेळी ते जंतूही थांबले. मी लागलीच तिच्याकडे गेलो.

"मावशी, ओळखलं."

"आता न्हाई ना येनार?"

तोंडाशी आलेलं 'नाही' मी गिळलं. "सांगता येत नाही. तिसरं सोंगही असेल. आठ दिवस नुसतं पडून राहायचं. सेवा बंद."

"ह्ये बरं क्येलं," ती म्हणाली. "म्हाईत असलं म्हंजी मानूस तयारीत ऱ्हातं."

वस्तीतल्या साऱ्या घोंगड्या आम्ही कढत पाण्यात उकळल्या. बरे झालेले सगळे माझ्या हुकमाने पडून राहिले, मुकादम कितीही ओरडला तरी. मावशी दारातल्या खाटेवर बसून तांदूळ निवडायची आणि मला टोमणे मारायची. ते दिवस सुखाचे होते.

आठव्या दिवशी उजाडताच मी तिच्याकडे गेलो. तिनेच माझा हात धरून आपल्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं.

"आज न्हाई आला," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बगू. बसा, पेज घ्या."