आठवी रेघ

दिंगलाच्या बाजारात असारमाया राई हे नाव विचारलं, तर निम्मे लोक विचारात पडतील. 'फोटोवाली दिदी' म्हणा, पोरंसुद्धा घरापर्यंत आणून सोडतील. रुद्राक्षाचा फोटो पाहून तो किती मुखी आहे हे सांगण्यात त्या डोंगरावर तिचा हात धरणारा कोणी नव्हता. काठमांडूचे व्यापारी फोटो पाठवायचे, पार पलीकडच्या मुलखातले पाठवायचे, आणि ती अंगणात मकाई सोलत बसल्या बसल्या सांगायची, "हा सहामुखी. हा पाचमुखीच आहे, सहावी रेघ कुणीतरी सुरीनं कोरलीय, त्याला म्हणावं आधी कोरायला तरी शीक." शाळा दुसरीपर्यंत. पण आकड्यात चुकली असं कोणी ऐकलं नव्हतं, आणि ती स्वतःही ते सांगायला लाजत नसे.

तिची रीत ठरलेली. फोन मांडीवर, शेजारी पितळेची थाळी, हातात केरसुणीची एक काडी. देठाकडच्या छिद्रापासून एक रेघ धरायची, काडीनं तिच्यावरून खाली यायचं, दुसऱ्या टोकाच्या छिद्राशी पोचली की थाळीत मकाईचा एक दाणा टाकायचा. मग पुढची रेघ. जितक्या रेघा, तितकी मुखं. एकाच फोटोवर ती कधी बोलायची नाही. एका बाजूनं रुद्राक्षाचं निम्मं अंग दिसतं, निम्म्यावर आकडा सांगणारा लबाड नाहीतर मूर्ख, असं तिचं म्हणणं. देठाकडून एक, खालून एक आणि फिरवून चार, एवढे फोटो आल्याशिवाय ती चहासुद्धा विचारायची नाही. शेजारची पबित्रा खड्का हंगामात तिच्याकडे रुद्राक्षाचे दाणे धुवायला यायची. ती म्हणायची, "बरं झालं दिदी माणसांची तोंडं मोजत नाही, नाहीतर माझ्या सासूपाशीच मकाई संपली असती."

दोघींचे मुलगे एका वयाचे. असारमायाचा दिपेन, पबित्राचा मिलन. दोघांच्या गळ्यात तिनंच रुद्राक्ष बांधला होता, एकाच लाल दोऱ्याच्या गुंडीतून. मिलनला आठमुखी, कारण पबित्रानं तसा मागून घेतला होता. गणेशाचा, विघ्नं टाळणारा. दिपेनला सातमुखी. तो महिनाभर चिडवत होता, "परक्याच्या पोराला आठ, आणि पोटच्याला सात! वा रे आमा!" ती म्हणायची, "तुझं स्वतःचं तोंड धर की त्यात, झाले आठ."

मंसिर महिन्यात, थंडी पडू लागली तेव्हा, नव्या हंगामाचे रुद्राक्ष घेऊन दोघं बसनं काठमांडूला निघाले. बस वाटेत धुक्यात वळणावरून नदीत गेली.

बातमी आली त्या दिवशी गावातले पुरुष निघाले. पबित्राचा नवरा त्यांच्यात होता. असारमायाचा नवरा कधीच वारलेला, तिच्या बाजूनं तिचा दीर गेला. दोन दिवस निरोप नाही. दोघी एकाच ओट्यावर बसून होत्या. चूल पबित्राची पेटली तर पिठाचा ढिंडो तिच्याकडे, हिची पेटली तर हिच्याकडे. खात दोघीही नव्हत्या. एकमेकींशी बोलायचीही भीती वाटत होती. काही बोललं तर ते खरं होईल असं वाटे.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौकीतला हवालदार टंक थापा ओट्याशी येऊन उभा राहिला. एरवी लांबूनच हाक मारणारा माणूस. आज टोपी हातात.

"आमा," तो म्हणाला, "खालच्या चौकीतून फोन आला होता. एक जण सापडलाय. पोरगाच आहे, पंचवीस-एक वर्षांचा." मग घाईनं, "चेहरा ओळखण्यासारखा राहिला नाही. खिशात आपल्या बाजाराचं तिकीट होतं. त्या दिवशी इथून दोघंच चढले होते."

पबित्रानं असारमायाचं मनगट धरलं.

"आपली माणसं अजून तिथं पोचली नाहीत, रस्ता अडलाय. गळ्यात लाल दोरा आहे, त्यात रुद्राक्ष आहे." त्यानं हातातली टोपी चुरगाळली. "मी त्यांना म्हटलं, फोटो पाठवा. आमच्याकडे मोजणारी बाई आहे. तुम्हाला कसं विचारू कळत नाही, पण दुसरं कोणाला विचारू?"

कुणालाच नाही, हे तिलाही माहीत होतं. सात असले तर दिपेन. आठ असले तर मिलन. आणि रुद्राक्षाच्या दाण्याकडे नुसतं पाहून तो कुणाचा हे ओळखायची सोय नव्हती. हजारो दाणे हातून गेले, तिला दाण्यांचे चेहरे आठवत नसत, आकडे तेवढे आठवत.

तिनं थाळी आणली. काडी आणली. सवयीचे हात सवयीनं चालले, पण मकाईचे दाणे मुठीत घेताना निम्मे जमिनीवर सांडले.

टंकनं तिच्या फोनवर पहिला फोटो पाठवला, बाजूनं काढलेला. कोणा शिपायाच्या तळहातावर एक ओला, काळसर दाणा. दिसत होत्या चार रेघा. सातमुखीच्या दिसतात, आठमुखीच्याही दिसतात. तिला वाटलं, इथंच थांबावं. कळत नाही म्हणून सांगावं. ज्याला कळत नाही त्याचा मुलगा अजून जिवंत असतो.

"चिखल बसलाय फटीत," ती म्हणाली. "त्यांना सांग, दात घासायच्या ब्रशनं धुवा. हळू. मग देठाकडून घ्या. देठाकडचं छिद्र मोठं असतं."

टंकनं अंगणाच्या कडेला जाऊन फोन केला. पबित्रा पुटपुटत होती, पशुपतिनाथाचं नाव घेत होती, काय मागत होती ते ऐकू येत नव्हतं. ऐकायची गरजही नव्हती. ती सात मागत होती. आणि असारमाया, जिनं मिलनला आपल्या हातानं न्हाऊ घातलं होतं, जिच्या घरी तो निम्मं बालपण जेवला होता, ती मनातल्या मनात आठ, आठ, आठ म्हणत होती. स्वतःचीच तिला शिसारी आली. तरी थांबता येईना.

फोन वाजला. देठाकडचा फोटो. स्वच्छ धुतलेला, मधोमध छिद्र आणि त्यातून चहूकडे निघालेल्या रेघा.

काडी टेकवली. एक. दाणा थाळीत पडला. दोन. तीन. काडी रेघेवरून घसरायची आणि तीच रेघ पुन्हा देठापासून धरावी लागायची. चार. पाच. सहा. सात. आणि सातवी व पहिलीच्या मधे अजून एक होती.

आठ.

थाळीतला आवाज पबित्रानंही मोजला होता. पाच वर्षं तिनं इथं दाणे धुतले होते, तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून वरच्या घरातली कुत्री भुंकायला लागली. ती ओट्यावरच आडवी झाली.

असारमायाचं अंग एकदम हलकं झालं. दिपेन नाही. दिपेन कुठंतरी काठाला लागलेला, कुठल्यातरी दवाखान्यात, थंडीनं कुडकुडत असेल, पण हा नाही. तिला रडू आलं आणि ते आनंदाचं होतं, मैत्रिणीच्या डोक्यावर हात फिरवताना ते आनंदाचं होतं.

टंकनं टोपी डोक्यावर ठेवली. "आठ ना, आमा? मग खाली तसं कळवतो. मिलन खड्का म्हणून लिहितील."

"थांब," ती म्हणाली.

का म्हणाली कोण जाणे. तोंडातून निघून गेलं. चाळीस वर्षं, फोटो नव्हते तेव्हापासून, जे म्हणत आली तेच.

"खालच्या टोकाचा फोटो नाही आला."

"वर आठ दिसतात की. आता खालचा कशाला?"

"वरून निघालेली प्रत्येक रेघ खाली पोचतेच असं नाही. पोचली नाही तर ती धरत नाहीत." तिनं खाली बघितलं. "मागव."

टंकनं तिच्याकडे पाहिलं. तो काही मूर्ख नव्हता, ती काय मागतेय हे त्याला कळलं होतं. "आमा, राहू द्या ना," तो हळूच म्हणाला. तिनं काडी पुसून पुन्हा हातात धरली. तो आपला फोन घेऊन पुन्हा कडेला गेला.

फोटो यायला फार वेळ लागला नसेल. तेवढ्या वेळात असारमायानं कितीदातरी ठरवलं की आला तरी बघायचा नाही. रेंज जावी, फोनची बॅटरी संपावी, तो शिपाई जेवायला निघून जावा. नको बघूस, कोणी विचारलंय तुला? पण मग मिलनच्या नावानं दिपेनला अग्नी देतील. पबित्रा कदाचित जिवंत असलेल्या पोराचं तेरा दिवसांचं सुतक धरेल. आणि आपण मात्र ओट्यावर बसून दिपेनची वाट बघत राहू, वर्षानुवर्षं, आणि दर वेळी आठवेल की बघितलं नव्हतं.

फोन वाजला. दोन फोटो होते.

खालच्या छिद्राशी ती काडी घेऊन गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. पुन्हा मोजलं, उलटीकडून. सात. मग दुसरा फोटो, दाणा फिरवून घेतलेला. सातवी आणि पहिलीच्या मधली ती रेघ वरून ठसठशीत निघाली होती, निम्म्यापर्यंत सरळ आली होती, आणि तिथं दाण्याच्या उंचवट्यात विरून गेली होती. पुढं नुसती खडबड.

तिनं थाळीतला एक दाणा उचलून बाजूला ठेवला.

"सातमुखी आहे," ती म्हणाली. "दिपेन आहे."

पबित्रा उठून बसली. केस सुटलेले, तोंड सुजलेलं. तिला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं काहीतरी येऊन गेलं. तसंच, जे घटकेपूर्वी असारमायाच्या मनात आलं होतं. असारमायानं ते पाहिलं आणि तिला त्याचा राग आला नाही.

पबित्रा गुडघ्यांवर सरकत आली. दोन्ही हातांनी तिनं असारमायाचा काडीचा हात धरला आणि पुन्हा फोनवर टेकवला.

"पुन्हा मोज, दिदी," ती म्हणाली. "आठ आहेत. मी ऐकलेत आठ. पुन्हा मोज ना ग."

"मोजलं, बहिनी," असारमाया म्हणाली. "दोनदा मोजलं. सातच आहेत."