पोच दिली होती

सांगानेरच्या आमच्या कापड-छपाईच्या कारखान्यात फ्रेंच येणारी एकच, गौतमी. माल पाठवण्याची कागदपत्रं मी करते, म्हणून हे सगळं मला माहीत आहे. बरं झालं असं काही म्हणवत नाही.

तिचे वडील उत्तमराव रेल्वेत स्टेशन मास्तर होते, बदलीने जयपूरला आले ते तिथल्या दुर्गापुऱ्यातच राहिले. पोरीची मराठी अडखळती, फ्रेंच मात्र सरळ. ग्राहकाचा मेल आला की तासाभरात तिची पोच जायची: "नू अक्यूझाँ बॉन रेसेप्स्याँ द व्होत्र मेसाज", म्हणजे तुमचा निरोप मिळाला. पुढे, सविस्तर उत्तर लवकरात लवकर पाठवतो, "दाँ ले मेयर देले". तारीख कधीच नाही. ती मालकांची, पवनजींची, शिकवण.

त्या सोमवारी लियाँच्या दुकानदार बाईंनी लिहिलं: तुमच्या निळ्या दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या अंगाला फोड आलेत. रंग कोणता? तपासणी अहवाल कुठे? दुसरा माल रोखून ठेवा.

नवा निळा रंग तपासायला पाठवलाच नव्हता, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं.

"रिसीव्ह हो गया लिख दो, डिटेल बाद में," पवनजी म्हणाले. गौतमीने सुंदर पोच लिहिली. बुधवारी दुसरा माल विमानाने गेला. कागद मी केले. खाली सहीही मीच केली, याचीच आता लाज वाटते.

बाईंनी दोनदा आठवण केली. गौतमीने दोनदा लिहिलं, आपल्या प्रश्नाकडे पूर्ण लक्ष देत आहोत. मग आठवडाभर मेल आला नाही. पवनजी खूश होते. मला ती शांतता बरी वाटेना.

गौतमीने घरी वडिलांना सहज सांगितलं. उत्तमराव जेवता जेवता थांबले. "आमच्या रेल्वेत गाडी रोखायचा निरोप मिळाला की पोच म्हणून प्रायव्हेट नंबर, म्हणजे वहीत नोंदलेला आकडा, द्यायचा. एकदा नंबर दिला की नंतर गाडी सोडली तर दोष आपलाच. तू नंबर दिलास, गौतमी. गाडी कोणी सोडली?"

सकाळी मेल आला होता. खाली तिचीच सोमवारची पोच जोडलेली. वर बाईंनी लिहिलं होतं: सोमवारी तुम्हाला कळलं होतं. बुधवारी माल निघाला. आज दोन बाळं इस्पितळात आहेत. माल कोणी सोडला?

"पोच दे दो, फिर देखते हैं," पवनजी दारातून म्हणाले.

"पोच नाही, सर. मतलब, आता उत्तरच देते." तिचा आवाज बारीक होता, पण ती लिहीत राहिली: रंग तपासलेला नाही, दोन्ही मालांची विक्री आजच थांबवा, डॉक्टरांना रंगाचं हे नाव सांगा. खाली स्वतःचं नाव लिहिलं.

शेवटच्या प्रश्नापाशी ती थांबली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"लिही," मी म्हणाले. "हुकूम पवनजींचा. कागदांवर सही प्रणिताची."