आक्काच्या सासरी पाठवलेली नोटीस

आमच्या आप्पांनी आक्काच्या सासरी आजवर पाण्याचा घोटही घेतलेला नाही. लेकीच्या घरचं खायचं नाही, प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. निपाणीला गेले की स्टँडवरच चहा उरकतात, मग व्याह्यांच्या दारात जातात आणि कप पुढे आला की "आत्ताच झाला बघा" म्हणतात. अशा माणसावर व्याह्यांकडे साड्यांच्या बिलाचे पैसे मागायची वेळ आली, तेव्हा त्यांनी ते काम माझ्यावर ढकललं. माझ्यावरही नाही, कंप्युटरवर.

वडगावात आमचे सहा यंत्रमाग आहेत. खाली माग, वर घर. आक्काच्या सासऱ्यांचं निपाणीत साड्यांचं दुकान. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यांनी आमच्याकडून लग्नसराईचा मोठा माल उचलला. बिलावर पंचेचाळीस दिवसांची मुदत छापलेली होती, नेहमी छापलेली असते. मुदत उलटली. साड्या विकल्या जात होत्या हे तर आम्हाला आक्काच फोनवर कौतुकानं सांगायची, मोरपंखी रंगाच्या संपल्यासुद्धा म्हणायची. इकडे त्या बिलावरचा जीएसटी आप्पांनी पदरचा भरला होता आणि शहापूरचा सूत व्यापारी रोज दारावरून जाताना गाडीचा वेग कमी करायला लागला होता.

"फोन न्हाय करायचा," आप्पा म्हणाले. "आवाज त्यांच्या कानी गेला की मागणं झालं. मेलला आवाज नसतोय. त्यो कंप्युटर मागतोय, आपण न्हाय."

मी हसलो आणि लगेच तयार झालो. मलाही ते सोयीचंच होतं. समोर बसून मागायची हिंमत माझ्यातही नव्हती, आप्पांच्या नेमामागे मला लपायला आयती जागा मिळाली.

मसुदे तयार होते. लग्नाआधी आमच्या हापिसचा सगळा पत्रव्यवहार आक्का बघायची आणि थकलेल्या बिलांसाठी तिनं इंग्रजीत चार मेल लिहून ठेवले होते. पहिला गोड. बिलाची प्रत आणि बँकेचा खाते क्रमांक सोबत, आणि "बहुधा आपल्या नजरचुकीने राहिले असावे" हे वाक्य. दुसऱ्यात खातेउतारा जोडून पैसे कधी मिळतील ते विचारायचं. तिसऱ्यात पुढचा माल थांबवू आणि कायद्यानं व्याज लागेल, असं सांगायचं. चौथी नोटीस. त्यात बिलाचा आणि चलनाचा क्रमांक, आमचा उद्यम नोंदणी क्रमांक, लघुउद्योगांच्या थकीत पैशांचा कायदा, आणि पंधरा दिवसांत न दिल्यास सरकारी परिषदेकडे अर्ज करू, असं. मेलबरोबर ती रजिस्टर पोस्टानंही जायची. प्रत्येक मेलमध्ये समोरच्याला मान राखून पैसे देता येतील एवढी जागा ठेवायची, असं ती मला शिकवायची. मी नाव, तारीख आणि रक्कम तेवढी बदलत असे.

पहिला मेल मी "आदरणीय सर" असं लिहून पाठवला. हे सर म्हणजे ज्यांच्या हातून मी लग्नात कानपिळीचा मान घेतला होता ते आक्काचे सासरे. उत्तर आलं नाही. रविवारी आक्काचा फोन आला. आईशी ती लोणच्याबद्दल बोलली, माझ्याशी क्रिकेटबद्दल. मेलचा विषय निघाला नाही, आणि तो तिला माहीत असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. दुकानात एक म्हातारे दिवाणजी बसतात, तेच मेल बघत असतील असं मी धरून चाललो होतो. म्हाताऱ्या दिवाणजींना इंग्रजी मेल वाचता येत असेल का, एवढा साधा विचार मी केला नाही.

आठ दिवसांनी दुसरा मेल गेला. या वेळी उत्तर आलं. दोनच ओळी, खाली नाव नाही, नुसतं "हिशेब विभाग". पैसे अमुक तारखेला देण्याचा प्रयत्न करू. आणि तारखेच्या शेजारी वार लिहिला होता, गुरुवार.

तारखेशेजारी वार लिहायची सवय एकाच माणसाची. नुसती तारीख लोक विसरतात, वार लक्षात राहतो, असं म्हणून आक्का मलाही लिहायला लावायची. म्हणजे पहिलाही तिनंच उघडला होता. स्वतःच लिहिलेलं वाक्य, "नजरचुकीने राहिले असावे", धाकट्या भावाकडून स्वतःच्या सासरी आलेलं तिनं वाचलं होतं, आणि नंतर माझ्याशी क्रिकेटबद्दल बोलली होती. आता तिसरा कधी येणार आणि त्यात काय असणार, हेही तिला पाठ होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी घरात कुणाला काही सांगितलं नाही.

गुरुवार आला आणि गेला. सूत व्यापाऱ्यानं जुनी बाकी मिटल्याशिवाय नवं सूत देणार नाही असं स्वच्छ सांगितलं. दोन माग बंद पडले. त्यांच्यावरचा विणकर रोज सकाळी यायचा, बंद मागावरची धूळ पुसायचा आणि आप्पांकडे न बघता निघून जायचा. आप्पा म्हणाले, "तिसरा धाड."

मी धाडला, पण व्याजाची ओळ गाळून. तिला वाचायला बरं वाटावं म्हणून. आपण फार समजूतदार आहोत असंही तेव्हा मला वाटलं होतं.

त्या रविवारी आईशी बोलून झाल्यावर आक्का म्हणाली, "त्याच्याकडं दे." मग आवाज खाली करून मला म्हणाली, "परवाच्यात व्याजाची वळ का गाळलीस?"

"तू वाचतीस म्हणून," मी म्हणालो.

"मी वाचती, पर द्यायचं मामंजींनी हाय. मी प्रिंट काढून त्यांच्या म्होरं ठेवती. गोड असला की ते म्हणत्यात, घरचंच हाय, बघूया. बाहेरच्यांचं आधी द्यावं लागतंय, नायतर ते बोंब मारत्यात. तुमी बोंब मारत न्हाय म्हणून तुमचं ऱ्हातंय."

"मग तू सांग की तोंडानं."

"मी सांगितलं तर म्हायेरासाठी मागती म्हणत्यात. एकदा ऐकलंय. दुसऱ्यांदा न्हाय ऐकायचं मला." ती पुढं म्हणाली, "नोटीस पाठव. पुरी पाठव. उद्यमचा नंबर घालायचा इसरू नको, त्याबिगर ती नुसता कागद हाय. आणि पोस्टानंबी पाठव."

"तुला बोलणी बसतील, आक्का."

"ती माझी मी खाती. आप्पांचं माग बंद पडल्यालं मला आई सांगती रं. तुमास्नी वाटतंय मला काय कळत न्हाय."

मी नोटीस पाठवली. एक ओळही गाळली नाही. लेटरहेडवर आप्पांची सही घेतली. काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पोस्टातून पोहोचेचं कार्ड परत आलं, त्यावर आक्काची सही होती. पोस्टमन आला तेव्हा गल्ल्यावर तीच बसलेली असणार. सासरचं आडनाव लावून, स्वच्छ अक्षरात, तिनं माहेरची नोटीस घेतली होती. ते कार्ड मी आप्पांना दाखवलं नाही. नोटिशीच्या प्रतीला टाचून फाईलमध्ये ठेवलं, कारण नियमानं ते तिथंच ठेवायचं असतं.

आठवड्याच्या आत सगळे पैसे खात्यात आले. व्याज आम्ही सोडलं. शहापूरहून सूत आलं, दोन्ही माग सुरू झाले. आप्पा त्या दिवशी दोनदा चहा प्याले आणि म्हणाले, "बघ, कंप्युटरनं बरोबर मागितलं. कुणाला काय वाटलं न्हाय."

श्रावण लागला. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात आणि भावानं जाऊन त्यांना आणायचं असतं. मी मुराळी म्हणून निपाणीला गेलो. आक्काच्या सासऱ्यांनी दुकानातच बसवलं, घरी नेलं नाही. चहा मागवला. मी तो प्यायलो. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण ते अगदी निवांत बोलत होते.

"पाव्हणं, पैसे पोचले न्हवं?"

"पोचले, मामा."

"बेस झालं. आमी घरचं म्हणून बसलोतो. चूक आमचीच. आता कळलं, तुमच्यात समदं लेखी असतंय." त्यांनी समोरची साडी घडी घालून बाजूला ठेवली. "मग पोरीला न्यायचंबी लेखीच मागा. मेल करा. रीतसर. आमी बघून कळवतो."

आक्का गल्ल्यावर होती. एका गिऱ्हाइकाचं बिल करत होती. तिनं वर बघितलं नाही आणि मीही तिच्याकडे नीट बघू शकलो नाही. तिच्यासाठी आईनं दिलेल्या बांगड्यांचा डबा मी काउंटरवर ठेवला आणि निघालो. बसमध्ये जाणवलं, ते म्हणाले त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. आम्ही चार वेळा लिहिलं आणि एकदाही समोर गेलो नाही.

घरी आल्यावर आप्पांना सगळं सांगितलं. कार्डावरची सहीसुद्धा. "म्हंजी पोरगीनंच वाचलं व्हय समदं?" आप्पा म्हणाले. जाऊन समोर बोला, तुम्ही स्वतः जा, असं मी म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. व्याह्याच्या दारात मागायला जायचं त्यांच्यानं होणार नव्हतं, लेकीला मागायलासुद्धा नाही.

मग मी मेल लिहिला. दुसरं काही सुचेना म्हणून आक्काचाच पहिला मसुदा उघडला. आदरणीय सर. पंचमीसाठी बहिणीला माहेरी पाठवण्याचे बहुधा आपल्या नजरचुकीने राहिले असावे. लिहिताना माझी मलाच किळस आली, तरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. आपला मेल मिळाला, विचार करून कळवतो. हिशेब विभाग. मी दोन-तीनदा खालीवर करून बघितलं. तारीख नव्हती, वारही नव्हता.

आप्पा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं.

"दुसरा कधी धाडायचा असतोय?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवसांनी," मी म्हणालो.

पंचमी त्याच्या आत होती.