साबणानं लाल झालेली हळद

आखाडा बाळापूरच्या शिवकन्यानं घरच्याच शेतातली हळद गिरणीवर दळून विकायला सुरुवात केली, त्याला दोन वर्षं झाली होती. गूगलवर तिच्या दुकानाला चांगले शेरे होते. लोक ते वाचून फोन करत, आणि ती पाकिटं कुरिअरनं धाडत असे. एका सकाळी मात्र तिथं एका नव्या शेऱ्याला पाचांपैकी एकच चांदणी दिसली. खाली लिहिलं होतं: "ही हळद नाही, रंग आहे. पदराला लागली, साबण लावताच लालभडक झाली. फसवणूक!"

शिवकन्यानं तो शेरा पुन्हा पुन्हा वाचला. दुपारपर्यंत दोन जुन्या गिऱ्हाइकांचे फोनही आले, "ताई, खरं काय हे?"

नवरा विश्वंभर तापला. "मी लिहितो, थांब. आन् आपल्या पावण्यांना सांगून पाच पाच चांदण्या टाकून घेऊ."

"न्हाई," ती म्हणाली. "पावण्यांनी हळद घेतलीच न्हाई, तर खोटं काहून लिहायचं? उद्या कुणी वळखलं, तर खऱ्यालाबी कोणी मानणार न्हाई."

शेरा पुसणं तिच्या हातात नव्हतं. तो लिहिणाऱ्या बाईलाच बदलता येणार होता. शेऱ्यात शिव्या नव्हत्या, तेव्हा गूगलकडे तक्रार करूनही काही होईल असं तिला वाटेना. हातात होतं ते एकच, खाली उत्तर लिहिणं.

सासूबाई पार्वतीबाई हळद निवडत होत्या. त्या हसल्या. "अगं, हळदीवर साबण पडला की लालच व्हते. लग्नात हळदीचे कपडे धुताना बघितलं न्हाईस का?"

शिवकन्यानं आधी रागाचं उत्तर लिहिलं, वाचलं आणि पुसलं. मग लिहिलं: "ताई, तुमचा पदर खराब झाला, वाईट वाटलं. खरी हळदसुद्धा साबणानं लाल होते. घरच्या हळकुंडाची चिमूटभर पूड ओली करून साबण लावून बघा. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी होईल. तरी समाधान झालं नाही तर पाकीट परत पाठवा, पैसे आणि पाठवण्याचा खर्च मी देईन." खाली आपला नंबर दिला. साबण-लिंबाचा छोटा व्हिडिओही करून त्या दोन गिऱ्हाइकांना पाठवला.

दोघांनी ऑर्डर दिली. चौथ्या दिवशी नांदेडहून फोन आला.

"मी वैष्णवी. तो शेरा माझाच," पलीकडचा आवाज अवघडला होता. "आईकडच्या हळकुंडाची पूडबी लाल झाली हो! आमी उगाच बोललो."

"व्हय, पर तुमी विचारलं ते बराबर केलं. भेसळ व्हतेच बाजारात."

संध्याकाळी शेरा बदलला. आता चांदण्या चार होत्या. खाली लिहिलेलं होतं: "हळद उत्तम. गैरसमज माझा. पाकीट मात्र दातांनी फाडावं लागतं."

विश्वंभर पुन्हा फुरफुरला, "एक चांदणी अजून अडकवूनच ठेवली की!"

शिवकन्यानं एक पाकीट उचललं, ओढून पाहिलं. फाटेना. पार्वतीबाईंनी ओढलं. तेही फाटेना. तिघंही हसत सुटली, आणि शिवकन्यानं पाकिटाच्या कडेला कात्रीनं छोटा छेद द्यायला घेतला.