बासष्टला पंचवीसने भागू नये

डिचोलीच्या कॉलेजात मी शिकवायचो तेव्हाची गोष्ट. एक माजी विद्यार्थिनी स्टाफरूममध्ये आली. परदेशी विद्यापीठाला चारपैकी किमान तीन जीपीए हवा होता. तिने आपल्या बासष्ट टक्क्यांना पंचवीसने भागलं होतं आणि उत्तर अडीचच्याही खाली आलं होतं. अर्ज करणारच नाही, म्हणाली.

मी चिडलो. तिच्यावर नव्हे, त्या भागाकारावर. आपल्याकडे साठला फर्स्ट क्लास देतात आणि तोसुद्धा हात आखडून. तिकडे नव्वदीच्या घरात मिळते ती ए ग्रेड. दोन्हीकडचे शंभर सारखे कसे धरायचे? गुणपत्रिका तपासून देणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडे पाठव, मी म्हटलं. ते एकेक विषय घेतात. आपले साठ म्हणजे बहुतेक ठिकाणी त्यांचा ए, त्याचे चार; पन्नास म्हणजे बी, त्याचे तीन.

महिन्याभराने ती निकाल घेऊन आली. निम्म्या विषयांत ए, निम्म्यांत बी, जीपीए साडेतीन. सोबत तिचे बाबा होते, पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवणारे. मुलीला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा त्यांनी आमच्या शिपायापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले होते.

त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि काळजीने विचारलं, "सर, चारातले साडेतीन? मगे अर्धो खंय गेलो?"

शंभरातले अडतीस कुठे गेले, हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.