भिंतीवरची ओल

बोईसर स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत मला कॉम्प्युटरवर बसवून जेमतेम महिना झाला होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि गावात असा कॉम्प्युटर दुसरा नव्हता, म्हणून मी फार तोऱ्यात असायची. मालक मात्र रोज आठवण करून द्यायचे, "जमत नसेल तर सांग, पालघरचा मुलगा यायला तयार आहे."

त्या सकाळी एक रंगारी काका फोटो घेऊन आले. तारापूरकडच्या कोळीवाड्यातले, आयुष्यभर होड्या रंगवलेले. सालवडला एका नव्या बंगल्यात त्यांनी हॉलची भिंत रंगवली होती: जमिनीपाशी गडद निळी, वर छताकडे जाता जाता जवळजवळ पांढरी. कुठे रंग संपतो आणि कुठे सुरू होतो, बोट ठेवून दाखवता येऊ नये अशी. पण वायरमनचं काम अर्धवट होतं. मधोमध उघडा स्विचबोर्ड, त्यातून लोंबणाऱ्या वायरी, खाली एक सॉकेट.

"चार वाजता हाटेलवाला शेट फोटो बघणार हाय," काका म्हणाले. "चार रंगाऱ्यांचे फोटो हायेत. ज्याचा आवडंल त्याची भिंत उद्या सकाळी बघाया येणार नि सगल्या खोल्यांचं काम त्यालाच देनार. येवढं लटकलेलं काढ, बाय. रंगाला धक्का नको."

फोटो स्कॅन केला. नको ते झाकायला त्यात क्लोन नावाचं टूल होतं: एका जागेचा रंग उचलून दुसरीकडे लावायचा. वायरी पटापट गेल्या. सॉकेटही गेलं. बोर्ड मोठा होता आणि मला घाई होती. मी बोर्डाच्या खालचा रंग उचलला आणि तोच वर दाबत गेले. माझ्या मॉनिटरचा ब्राइटनेस भलताच वाढवलेला होता, त्यावर सगळं साफ दिसलं. प्रिंट काढली. बोर्ड होता तिथे एक गडद डाग उमटला होता.

काकांनी प्रिंट उजेडात धरली. त्यांचा चेहरा उतरला. आमच्या भागात भिंतीवर गडद डाग म्हणजे एकच गोष्ट.

"ओल?" ते पुटपुटले.

काउंटरवरून मालकांनी मान वर केली. त्या क्षणी मला पालघरचा तो न पाहिलेला मुलगा माझ्या खुर्चीत बसलेला दिसला. मी म्हणाले, "भिंतीवर नसलेलं मशीन कुठून आणणार, काका? बोर्डाच्या मागे ओल असेल."

काकांनी प्रिंट पिशवीत टाकली. सायकल काढून थेट सालवडला निघाले. मला वाटलं, बघून येतील.

अकरा वाजले होते. मी ब्राइटनेस उतरवला आणि माझीच लाज स्क्रीनवर लख्ख दिसली. रंग वरखाली बदलत होता, म्हणजे उचलायचा तर त्याच उंचीवरचा, बाजूचा. पण डावीकडे खिडकी होती, तिकडे भिंत उजळ होती. मूळ स्कॅन पुन्हा उघडला. बोर्डाची डावी कड डावीकडच्या रंगाने भरली, उजवी उजवीकडच्या, आणि मध्ये मऊ ब्रश अगदी हलका ठेवून दोन्ही एकमेकांत मिसळले. तरी तेवढी जागा तुळतुळीत दिसायला लागली. मग बाकी फोटोत होते तसे बारीक कण तिथेही टाकले. एवढ्यात लाइट गेली. अणुवीज केंद्र हाकेवर आणि आमच्याकडे अंधार! सेव्ह केलेलं नव्हतं. लाइट आल्यावर पहिल्यापासून सुरुवात.

तीन वाजता प्रिंट निघाली. भिंत निळ्यातून पांढऱ्यात अशी गेली होती की बोर्ड कुठे होता ते मलाही सापडेना. मी सुटले असं मला वाटलं, आणि त्याच वेळी काका दारात आले. दोन्ही हातांवर पांढरी-निळी पूड होती, नखांतसुद्धा.

"नाय बाय, ओल नाय," ते म्हणाले. "बोर्डाच्या भोवती हातभर जागा खरवडून बघितली. आत खडखडीत कोरडं हाय."

मी प्रिंट पुढे केली. त्यांनी पाहिली, आधीची काढून शेजारी धरली, पुन्हा पाहिली.

"मग तो डाग?"

"माझा होता, काका. चूक माझी होती. मी खोटं बोलले." मालक ऐकत होते. ऐकू देत, असं मला पहिल्यांदाच वाटलं, पण चार तास उशिरा.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बाकावर बसले. "असा रंग ओला असताना एका दमात उतरवावा लागतो," ते म्हणाले. "मधीच हातभर जागेला लावला तर ठिगळ दिसतंय. सगली भिंत पहिल्यापासून करावी लागंल. नि शेट तर सकाळीच येनार."

मग त्यांनी ती निर्मळ भिंत माझ्या टेबलावर ठेवली आणि अगदी साध्या आवाजात, टोमणा नव्हे, खरंच विचारावं तसं विचारलं, "यातलं काढलंस ना? भिंतीवरचं खरवडलेलं काढता येतंय काय तुला?"