मोठा न होणारा फोटो

सॅन अँटोनियोच्या दक्षिण भागात कुणी गेलं की घरचे आधी पाद्र्याकडे जातात, मग ओफेलियाकडे. शवपेटीशेजारी फोटो ठेवायच्या लाकडी घोडीवर उभा राहणारा मोठा फोटो तिच्याच दुकानात छापला जातो. मेलेल्यांचे चेहरे बघून बघून तिच्या काळजाला घट्टे पडले होते. रडणाऱ्यांना ती खुर्ची देते, कॉफी देते आणि एकच प्रश्न विचारते, "मूळ फोटो कुठाय?"

बाल्दोमेरो काकांनी फोन पुढे केला. ईस्टरच्या जेवणाचा फोटो होता. मागच्या रांगेत त्यांची लेक येसेनिया हसत होती.

"एवढीच कापून मोठी कर. हल्ली फोटोला उभीच राहायची नाही. हा मीच काढलाय."

ओफेलियाने चेहरा वाढवला. डोळ्यांच्या जागी करडे चौकोन उमटले.

"काका, हा चॅटमधला आहे. तुमच्या कॅमेऱ्यातला द्या."

"तो पुसला. फोन भरला होता. तिला पाठवला होता ना, मग गेला कुठे? तिथे आहेच की!"

तिने हटवलेल्या फोटोंची टोपली उघडून पाहिली. रिकामी.

"तीपण मीच साफ केली," काका म्हणाले. "नीटनेटका माणूस ना मी!"

"पाठवताना ॲप फोटो तुमच्याच फोनमध्ये लहान करतं, काका. लवकर जावा, डेटा कमी लागावा म्हणून. बारीकसारीक तपशील तिथेच गाळतं, मग पाठवतं. फाइल म्हणून पाठवला असता, तर जसाच्या तसा गेला असता."

"म्हणजे येसेनियाच्या फोनमध्येही..."

"हाच."

"आणि त्या ॲपच्या कंपनीकडे?"

"जे निघालंच नाही, ते पोचणार कुठून?"

काकांनी तिच्या संगणकाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "तुझ्याकडे ते चेहरा साफ करणारं यंत्र आहे म्हणे."

तिने नाइलाजाने ते चालवलं. पडद्यावर लख्ख डोळे आले, गुळगुळीत कपाळ आलं.

"ही कोण?" काकांचा आवाज चिरकला. "डाव्या भुवईवर व्रण होता. लहानपणी झोपाळ्यावरून मीच पाडली होती तिला."

"यंत्राला तो दिसलाच नाही. त्याने अंदाजाने बाई रंगवली."

"पूस तिला."

ओफेलियाने पुसली. "काका, धूसरच मोठा छापते. लांबून कळणार नाही."

"लोक लांब उभे राहतील गं. मी तर जवळ जाणार ना!"

अखेर तिने चेहरा जेवढ्या आकारात टिकत होता तेवढाच छापला. तळहाताएवढादेखील नव्हता. भुवईच्या जागी एक फिकट डाग होता. व्रण की सावली, तिलाही सांगता आलं नसतं. काकांनी त्यावर अंगठा फिरवला आणि फोटो शर्टाच्या खिशात घातला.

संध्याकाळी ती प्रार्थनेला गेली. शवपेटी बंद होती. शेजारी फुलांच्या गर्दीत घोडी उभी होती, रिकामी. येणारा प्रत्येक जण आधी घोडीकडे बघायचा, मग काकांकडे. काकांचा हात खिशावर होता. तो त्यांनी हात मिळवायलाही काढला नाही.